एक्केचाळीस फोन आणि चार कागद

वसुली एजंटनं कर्जदाराच्या घरच्यांना फोनवर शिव्या दिल्याचं हे प्रकरण २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधलं आहे. कर्जदार माझ्या जुन्या सहकाऱ्याचा भाचा. एका खासगी बँकेच्या तक्रार विभागात मी बरीच वर्षं काढली, म्हणून तक्रारीची पत्रं घेऊन लोक अजूनही माझ्याकडे येतात. या प्रकरणात ज्या बँकेशी गाठ पडली ती वेगळी, आणि तिचं नाव इथे नको.

कर्ज साधं होतं. तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज, ३६ हप्ते, दरमहा १०,५४७ रुपये. चौदा हप्ते वेळेवर गेले. मग नोकरी सुटली आणि जून, जुलै, ऑगस्ट असे तीन हप्ते थकले. थकबाकी ३१,६४१ रुपये, वर दंड वेगळा. जून-जुलैमध्ये बँकेच्या कॉल सेंटरवरून त्याला स्वतःला फोन यायचे, तेही सभ्य भाषेत. १९ ऑगस्टपासून मात्र एक नवा मोबाइल नंबर सुरू झाला. त्यावरून कर्जदाराला क्वचितच फोन जायचा. जायचा तो त्याच्या आईला, बायकोला, थोरल्या भावाला आणि बहिणीच्या सासूला.

एकोणीस तारखेलाच का, हे समजून घेण्यासारखं आहे. जूनचा हप्ता पाच तारखेचा होता, म्हणजे १९ ऑगस्टला खातं ७५ दिवस थकलेलं होतं. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं, आणि मग सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते पूर्ववत होत नाही. वसुलीच्या धंद्यात थकलेल्या दिवसांप्रमाणे खात्यांचे गट पाडतात, त्याला 'बकेट' म्हणतात. एकसष्ट ते नव्वद दिवसांच्या बकेटमधलं खातं पुढे सरकू दिलं नाही तर बँकेनं नेमलेल्या वसुली एजन्सीला मोबदला मिळतो, आणि हिशेब महिनाअखेरीला होतो. त्यामुळे फोन करणाऱ्याकडे जेमतेम बारा दिवस होते. यानं शिवीगाळ क्षम्य ठरत नाही, पण ती कधी वाढणार याचा अंदाज मात्र येतो.

२८ ऑगस्टला कर्जदारानं बँकेला पहिली मेल पाठवली. मी ती नंतर पाहिली. चार पानं, सगळी रागानं भरलेली. त्यात नोकरी गेल्याची हकीगत होती, व्याजदर जास्त असल्याची तक्रार होती, सेटलमेंटची मागणी होती, वर्तमानपत्रात जाण्याची धमकी होती आणि 'तुम्ही माझ्या फोनमधले नंबर चोरले' असा आरोपही होता. शिव्यांबद्दल फक्त एक वाक्य होतं: 'तुमचे एजंट माझ्या घरच्यांना अत्यंत घाणेरड्या भाषेत बोलतात.' प्रत म्हणून तेवीस पत्ते जोडलेले, त्यात रिझर्व्ह बँकेचेही तीन.

दोन दिवसांत उत्तर आलं: आपल्या खात्यावर इतकी रक्कम थकीत आहे, कृपया त्वरित भरणा करावा.

त्याला वाटलं बँक निर्लज्ज आहे. मला त्यात नवल वाटलं नाही. चार पानांच्या मेलमधून आत बसलेला माणूस एक विषय निवडतो, आणि तो नेहमी असा निवडतो की ज्याचं उत्तर त्याच्याकडे तयार असतं. इथे ते थकबाकीचं होतं. शिवाय वसुलीबद्दलची तक्रार खुलाशासाठी बहुधा वसुली विभागाकडेच जाते. तिथला अधिकारी एजन्सीला विचारतो, एजन्सी 'असं काही झालं नाही' म्हणते, आणि तेच वाक्य सुधारून ग्राहकाला पाठवलं जातं. वरच्या अधिकाऱ्यांना लिहायचं ते ही साखळी तोडण्यासाठी.

तेवीस पत्त्यांचाही उपयोग नव्हता. बँकांविरुद्धच्या तक्रारींसाठी रिझर्व्ह बँकेची तेव्हा एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ लागू होती. तिच्यानुसार थेट लोकपालाला उद्देशून केलेली नसलेली तक्रार दाखलच होत नव्हती, त्यामुळे रिझर्व्ह बँकेला नुसती प्रत पाठवून काही साधत नव्हतं. त्या मेलनं एकच कामाची गोष्ट केली. तक्रार क्रमांक मिळाला, आणि लोकपालाकडे जाण्याआधी बँकेला द्यावे लागणारे तीस दिवस २८ ऑगस्टपासून मोजायला सुरुवात झाली.

मी त्याला म्हटलं, आधी पत्र बाजूला ठेव, तक्ता कर. चौघांचे फोन टेबलावर ठेवले आणि प्रत्येक कॉलची तारीख, वेळ, किती सेकंद चालला, कुणी घेतला आणि काय बोलणं झालं ते लिहून काढलं. आईकडे बटणांचा साधा फोन होता. त्यात मोजकेच शेवटचे कॉल राहतात, जुने पुसले जातात. सुदैवानं सुनेनं, म्हणजे कर्जदाराच्या बायकोनं, दुसऱ्या मोबाइलवरून त्या पडद्याचे फोटो काढून ठेवले होते. फोटोत सापडले ते अकरा कॉल घेतले. 'अजून खूप आले होते' असं आई म्हणत होती, ते खरंच असेल, पण दाखवता येत नव्हतं म्हणून सोडून दिलं. भावाकडचे चौदा, बायकोकडचे नऊ, बहिणीच्या सासूबाईंकडचे सात. नऊ दिवसांत एकूण एक्केचाळीस. त्यातले सतरा संध्याकाळी सातनंतरचे, तीन सकाळी आठच्या आधीचे.

बोलणं लिहिताना घरचे अडखळले. आईसमोर ते शब्द उच्चारायला कुणी तयार नव्हतं. पण 'घाणेरडी भाषा' या शब्दांवर कुठलाही अधिकारी काही करू शकत नाही. शब्द जसेच्या तसे लागतात. शेवटी आई स्वयंपाकघरात गेल्यावर सुनेनं कागदावर लिहून दिलं. तिला बोलले गेलेले शब्द इथे देत नाही, पत्रात ते होते. आईला म्हटलेलं होतं: 'पोरगं जन्माला घातलं, फेडायची अक्कल नाही घातली का?' सासूबाईंना: 'तुमच्या सुनेचा भाऊ चोर आहे, तिच्या अंगावरचं सोनं काढून ठेवा.' भावाला: 'अटक वॉरंट निघालंय, उद्या पोलीस घेऊन येतो.'

हा तक्ता करतानाच एक गोष्ट बाहेर आली. सासूबाईंचा नंबर एजंटकडे गेला कसा? कर्जाच्या अर्जात रेफरन्स म्हणून फक्त भावाचं नाव होतं. भाऊ बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'मीच दिला. तो म्हणाला नंबर दे नाहीतर दुकानात येऊन तमाशा करतो.' म्हणजे फोनमधले नंबर चोरल्याचा आरोप चुकीचा होता. तो पत्रात राहिला असता तर बँकेनं तेवढाच उचलून सविस्तर खोडून काढला असता आणि बाकीच्यावर पाणी पडलं असतं. आम्ही तो काढला आणि खरं घडलं ते लिहिलं. ते जास्त गंभीर होतं.

रेफरन्स म्हणजे काय, याबद्दल भावाच्याही मनात घोळ होता. त्याला वाटत होतं की नाव दिलंय म्हणजे आपणही देणं लागतो. सहकर्जदार आणि जामीनदार यांनी करारावर सह्या केलेल्या असतात, त्यांच्याकडे बँक पैसे मागू शकते. रेफरन्स फक्त ओळखीचा माणूस असतो, त्याच्याकडे एक रुपयाही मागता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट होतं: कर्जदाराचे कुटुंबीय, रेफरन्स आणि मित्र यांच्या खासगी आयुष्यात घुसखोरी, चारचौघांत अपमान, धमकीचे किंवा निनावी फोन, सतत फोन, खोटी माहिती देणं, तसंच सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी कर्जदाराला फोन करणं, हे सगळं बँकेनं आणि तिच्या एजंटनं करू नये.

आता पत्राचा खरा प्रश्न. शिवीगाळ झाली हे आम्ही म्हणणार, झाली नाही हे एजन्सी म्हणणार. रेकॉर्डिंग आमच्याकडे एकच होतं, भावानं केलेलं, तेही अर्धवट. पुराव्याचं ओझं आपल्याच डोक्यावर ठेवलं तर अशा तक्रारी 'आरोप सिद्ध होत नाही' या शेऱ्यावर बंद होतात. मी ते शेरे लिहिलेले आहेत, म्हणून सांगतो. त्यामुळे जे कागद बँकेकडे असायलाच हवेत, ते मागायचे असं ठरवलं.

बँकांसाठीच्या रिझर्व्ह बँकेच्या २४ एप्रिल २००८ च्या परिपत्रकात वसुली एजंटबद्दल बऱ्याच अटी होत्या. खातं एजन्सीकडे देताना एजन्सीची माहिती कर्जदाराला कळवायची. एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असायला हवं. त्यानं प्रशिक्षण घेऊन डीआरए, म्हणजे कर्जवसुली एजंटचं, प्रमाणपत्र मिळवलेलं असायला हवं. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असेल तर ती निकाली निघेपर्यंत खातं एजन्सीकडे पाठवू नये. याला एक अपवाद होता: कर्जदार वारंवार खोडसाळ तक्रारी करतो अशी पुराव्यासह खात्री बँकेला झाली तर ती वसुली चालू ठेवू शकते. म्हणून तक्रार एकच, नेमकी आणि तपासता येईल अशी असणं महत्त्वाचं. रोज एक मेल टाकणारा माणूस त्या अपवादात स्वतःहून जाऊन बसतो.

आमच्या कर्जदाराला एजन्सीबद्दल कधीही कळवलं गेलं नव्हतं. ना पत्र, ना मेल, ना एसएमएस. शिवी दिली की नाही हा वाद होऊ शकतो. पत्र पाठवलं की नाही, यात वादाला जागा नाही. पाठवलं असेल तर बँकेनं दाखवावं.

२ सप्टेंबरला पत्र गेलं. बँकेच्या संकेतस्थळावरच्या तक्रार निवारणाच्या पानावरून प्रिन्सिपल नोडल ऑफिसरचा, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा, पत्ता घेतला. प्रती दोनच: व्यवस्थापकीय संचालकांचं कार्यालय आणि मुख्य अनुपालन अधिकारी. दुसरी प्रत पहिलीपेक्षा कामाची. अनुपालन विभाग वसुली विभागाच्या हाताखाली नसतो आणि तिथे परिपत्रकाची तारीख वाचून माणसं सावध होतात. पत्राचा गाभा असा होता:

'विषय: वसुली एजंटने कुटुंबीयांना केलेले ४१ फोन, तक्रार क्रमांक (२८ ऑगस्टचा) संदर्भात.

माझ्या कर्ज खात्यावर तीन हप्ते थकीत आहेत हे मला मान्य आहे. ही तक्रार थकबाकीबद्दल नाही.

१९ ते २७ ऑगस्ट या काळात सोबतच्या तक्त्यातील मोबाइल नंबरवरून माझी आई, पत्नी, भाऊ आणि बहिणीच्या सासूबाई यांना ४१ फोन आले. यांपैकी कोणीही सहकर्जदार किंवा जामीनदार नाही. वेळा आणि वापरलेले शब्द तक्त्यात आहेत. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात.

१. माझे खाते कोणत्या एजन्सीकडे, कोणत्या तारखेला दिले, आणि तसे मला कळवल्याच्या पत्राची प्रत.
२. सदर नंबर वापरणाऱ्या व्यक्तीचे नाव आणि तिच्या नावे दिलेले अधिकारपत्र.
३. त्या व्यक्तीचे डीआरए प्रमाणपत्र.
४. तक्त्यातील वेळांची कॉल रेकॉर्डिंग जपून ठेवल्याची खात्री.

ही तक्रार निकाली निघेपर्यंत खाते एजन्सीकडून परत घ्यावे. वसुलीसंबंधी संपर्क फक्त माझ्याशी, माझ्या नंबरवर, सकाळी आठ ते संध्याकाळी सात या वेळेत करावा.'

सही कर्जदाराची. शिव्या आईनं आणि बायकोनं ऐकल्या असल्या तरी बँकेचा ग्राहक तो आहे, आणि पुढे लोकपालाकडे जायचं झालं तर तक्रार त्याच्याच नावानं लागते. घरच्या चौघांची एकेक परिच्छेदाची निवेदनं सह्यांसह जोडली. लोकपालाकडे वकिलाचं पत्रही चाललं नसतं. योजनेनुसार वकिलामार्फत तक्रार करता येत नाही, वकील स्वतःच पीडित ग्राहक असेल तरच येते.

'थकबाकी मान्य आहे' हे वाक्य त्याला टोचत होतं. 'आपणच कबूल केलं तर ते अजून चढतील ना?' पण बँकेच्या नोंदीत ते आकडे आहेतच, नाकारून काय मिळणार. उलट ते पहिल्याच ओळीत लिहिलं की 'कृपया भरणा करावा' हे तयार उत्तर बाद होतं. त्याच दिवशी त्यानं भावाकडून उसने घेऊन एक पूर्ण हप्ता बँकेच्या ॲपमधून थेट कर्ज खात्यात भरला. पैसे भरल्यानं तक्रार कमजोर होत नाही. खातं नव्वदीच्या उंबरठ्यावरून मागे आलं, एवढा फायदा मात्र झाला.

तक्त्यात एक ओळ मी मुद्दाम गडद करून घेतली होती. २६ ऑगस्टला एजंटनं भावाला सांगितलं होतं, 'पाच हजार माझ्या यूपीआयवर टाका, महिनाभर फोन बंद करतो.' भावानं ते टाकले नव्हते, पण आयडीचा संदेश मोबाइलमध्ये होता. शिवीगाळीची तक्रार सेवा विभागात फिरत राहू शकते. एजंट स्वतःच्या खात्यावर पैसे मागतो म्हटल्यावर ते प्रकरण दक्षता विभागाच्या टेबलावर जातं, आणि तिथली माणसं वेगळ्या जातकुळीची असतात.

१० सप्टेंबरला बँकेतून एका बाईंचा गोड आवाजात फोन आला. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, तक्रार बंद केली तर चालेल का? मी शिकवल्याप्रमाणे त्यानं सांगितलं, 'मॅडम, जे सांगायचंय ते मेलवर पाठवा, वाचून कळवतो.' फोनवर 'बरं' म्हटलं की नोंद होते, ग्राहकाच्या संमतीनं तक्रार बंद.

दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर आलं. सदर नंबर आमच्या नोंदणीकृत एजन्सीच्या यादीत नाही. रेकॉर्डिंग तपासली, आक्षेपार्ह संभाषण आढळलं नाही.

हे उत्तर जवळजवळ खरं असतं, म्हणूनच फसवं असतं. एजन्सीच्या कार्यालयातल्या लाइनवरचे कॉल रेकॉर्ड होतात. शिव्या द्यायच्या असतात तेव्हा माणूस खिशातला स्वतःचा मोबाइल काढतो. तो नंबर यादीत नसतो, तिथे रेकॉर्डिंगही नसतं. मग बँक म्हणते, तो आमचा माणूसच नाही.

आमच्याकडे याला उत्तर होतं, आणि ते सुनेच्या मोबाइलमध्ये सापडलं. २४ ऑगस्टला संध्याकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी एजंटचा फोन संपला. ७ वाजून ५६ मिनिटांनी तिच्या मोबाइलवर बँकेच्या अधिकृत नावानं पैसे भरण्याची लिंक आली, रक्कम ३१,६४१. तिचा नंबर बँकेच्या नोंदीत कुठेच नव्हता. म्हणजे फोन करणाऱ्यानं तो बँकेच्या किंवा एजन्सीच्या प्रणालीत टाकून लिंक पाठवली होती. १२ सप्टेंबरला तेवढंच लिहिलं, दोन स्क्रीनशॉट जोडले, आणि विचारलं: ही लिंक कोणत्या युजर आयडीवरून तयार झाली? पहिल्या पत्रातल्या एक आणि तीन क्रमांकांच्या मुद्द्यांना उत्तर मिळालेलं नाही, याचीही आठवण दिली.

पोलिसांत जायचं का, यावर घरात दोन तट पडले. कॉल १ जुलै २०२४ नंतरचे असल्यामुळे भारतीय न्याय संहिता लागू होती: धमकीसाठी कलम ३५१, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९. बायको ठाम होती, तिनं लेखी अर्ज दिला. त्यामुळे लोकपालाचा रस्ता बंद होत नाही, कारण त्या योजनेत पोलीस तपास किंवा फौजदारी खटला हा अडथळा धरलेला नाही. ग्राहक न्यायालयात त्याच कारणासाठी आधी गेलं असतं तर मात्र लोकपालानं तक्रार घेतली नसती. एक सावधगिरी मी पत्रातही ठेवली होती. 'कर्ज थकणं हा गुन्हा होऊच शकत नाही' असं कुठेही लिहू दिलं नाही. नुसतं कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे हे बरोबर, पण खात्यातून आपोआप जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तक्रार होऊ शकते. अटक वॉरंट निघाल्याचं सांगणं खोटं होतं, आणि तेवढंच म्हणणं पुरेसं होतं.

२० सप्टेंबरला प्रिन्सिपल नोडल ऑफिसरच्या सहीचं उत्तर आलं. लिंक एजन्सीच्या एका कर्मचाऱ्याच्या आयडीवरून तयार झाली होती. त्याला बँकेच्या कामावरून काढण्यात आलं आहे, खातं एजन्सीकडून परत घेतलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि थकबाकीवरचा दंड माफ. एजन्सी नेमल्याचं पत्र 'पाठवल्याची नोंद उपलब्ध नाही', असंही एका ओळीत कबूल केलं होतं. डीआरए प्रमाणपत्राबद्दल अक्षरही नव्हतं. आईला उद्देशून एक वेगळं दिलगिरीचं पत्र द्यावं ही मागणी त्यानं नंतर केली होती, तिच्याकडे दुर्लक्ष झालं.

पुढे जायला जागा होती. २०२१ च्या योजनेत समाधान झालं नाही तर बँकेच्या उत्तरानंतर वर्षभरात cms.rbi.org.in वर तक्रार करता येत होती, आणि मानसिक त्रासासाठी एक लाखापर्यंत भरपाईची तरतूद होती. मी म्हटलं, कर. पत्रातली ती कबुली हाताशी आहे. पण त्याला नवी नोकरी लागली होती, राहिलेले हप्ते पुढे ढकलून घेण्याची बोलणी बँकेशी चालू होती, आणि घरात तो विषयच नको झाला होता. त्यानं तक्रार केली नाही. मला ते पटलं नाही, पण आईचा फोन त्याच्या घरात वाजतो, माझ्या नाही.

ऑक्टोबरमध्ये एकदा भावाला परत अनोळखी नंबरवरून फोन आला, कर्जाबद्दलच. त्यानं नाव, एजन्सी आणि अधिकारपत्राचा क्रमांक विचारला. पलीकडून फोन ठेवला गेला. भावानं तक्ता काढून बेचाळिसावी ओळ लिहिली: सकाळी ११.२०, चौदा सेकंद, नाव सांगितलं नाही.